रशियन गोषवारा इंग्रजीत नेताना: षष्ठीची साखळी आणि हातचं राखलेलं वाक्य

प्रश्न: मी धातुशास्त्रात पीएचडी करतेय, रशियन बऱ्यापैकी वाचता येतं. एका रशियन शोधनिबंधाचा गोषवारा इंग्रजीत करायचा आहे. पहिल्याच वाक्यात आठ-नऊ नामं एकामागून एक लागली आहेत. इंग्रजीत केलं की नुसतं ‘ऑफ, ऑफ, ऑफ’ होतं. शिवाय ‘पो-विदिमोमू’, म्हणजे ‘बहुधा’, ‘वोझमोझ्नोस्त’, म्हणजे ‘शक्यता’, असे शब्द सगळीकडे पेरलेत. ते ठेवायचे की गाळायचे?

उत्तर: तुम्ही दोन अडचणी वेगवेगळ्या मांडल्या आहेत, पण माझ्या अनुभवात त्या बऱ्याचदा एकाच गाठीची दोन टोकं असतात. रशियन लेखक आपली शंका पुष्कळदा क्रियापदात न ठेवता नामात ठेवतो, आणि ते नाम त्या लांब साखळीतली एक कडी असतं. साखळी सोडवताना ती कडी हातातून निसटली, की ‘होऊ शकतं’चं ‘होतं’ होऊन बसतं. म्हणून आधी साखळी घेते आणि मग शंकेकडे येते.

तुमचा मजकूर माझ्यासमोर नाही. म्हणून धातुशास्त्रातल्या गोषवाऱ्यांच्या ठरलेल्या घडणीवर एक नमुना रचते. त्यातले आकडे उदाहरणापुरते आहेत. रशियन वाक्यं देवनागरीत देते, म्हणजे मोठ्याने वाचता येतील. साखळी कुठे जोडलेली आहे ते कानाला लवकर कळतं.

पहिलं वाक्य असं: ‘प्रोवेदेनो इस्स्लेदोवानिये व्लियानिया तेम्पेरातूरी ओत्झिगा ना उस्तोयचिवोस्त उल्त्रामेल्कोझेर्निस्तोय स्त्रुक्तूरी अल्युमिनियेवोवो स्प्लावा 1570, पोलुचेन्नोय मेतोदोम राव्नोकानाल्नोवो उग्लोवोवो प्रेस्सोवानिया.’

शब्दाला शब्द लावला तर इंग्रजीत ‘अ स्टडी ऑफ द इफेक्ट ऑफ द टेम्परेचर ऑफ ॲनीलिंग ऑन द स्टॅबिलिटी ऑफ द स्ट्रक्चर ऑफ द ॲलॉय...’ असं लांबत जातं. व्याकरणाची चूक एकही नाही, आणि तरी वाचणारा तिसऱ्या ‘ऑफ’ला थकतो. यावर बरेच जण उलट्या टोकाला जातात आणि सगळी नामं मुख्य नामाच्या आधी रचून ठेवतात: ‘ॲलॉय स्ट्रक्चर स्टॅबिलिटी ॲनीलिंग टेम्परेचर इफेक्ट’. हे त्याहून वाईट. ‘ऑफ’च्या रांगेत निदान कोण कोणाचं ते दिसतं, या ढिगाऱ्यात तेही दिसत नाही.

मी काय करते? पेन्सिल घेऊन साखळीतल्या प्रत्येक नामाखाली एक खूण करते: हे नाम वस्तू आहे की झाकलेलं क्रियापद? मिश्रधातू, संरचना, तापमान या वस्तू किंवा राशी. ‘इस्स्लेदोवानिये’ म्हणजे अभ्यासणं, ‘व्लियानिये’ म्हणजे परिणाम करणं, ही झाकलेली क्रियापदं. ‘उस्तोयचिवोस्त’ हे झाकलेलं विशेषण, कितपत टिकाऊ असं. आणि वाक्यातलं जे उघड क्रियापद आहे, ‘प्रोवेदेनो’, म्हणजे ‘केला गेला’, ते पोकळ आहे. ‘अभ्यास करण्यात आला’ या आपल्या सरकारी मराठीतल्या ‘करण्यात आला’इतकंच त्याचं वजन.

एवढं झालं की वाक्य आधी बोली मराठीत स्वतःला सांगावं: ‘ॲनीलिंगचं तापमान बदललं तर ही संरचना कितपत टिकते, ते आम्ही पाहिलं.’ मराठीचा इथे खरा उपयोग होतो. रशियन षष्ठी उजवीकडे वाढत जाते, आपली ‘च्या-च्या’ डावीकडे. त्यामुळे मराठीत सांगताना साखळी उलटी फिरवावीच लागते, आणि फिरवताना जिथे अडखळायला होतं तिथे आपल्याला अर्थ कळलेला नसतो. ‘संरचनेच्या स्थिरतेवरच्या तापमानाच्या परिणामाचा’ असं मराठी सुचत असेल, तर समजायचं की अजून क्रियापद सापडलेलं नाही.

आता प्रत्येक कडी सुटी करायची का? नाही. ‘ॲनीलिंग टेम्परेचर’, ‘ग्रेन साइज’, ‘ग्रेन बाउंडरी’ ही या विषयातली पक्की जोडनावं आहेत, ती घट्टच ठेवायची. रशियनमध्ये त्यांनाही षष्ठी लागते, ‘तेम्पेरातूरा ओत्झिगा’, म्हणून ती साखळी लांब करतात, पण इंग्रजीत ते एकच नाव आहे. माझी कसोटी सोपी आहे. दोन नामांमधला संबंध विषयातल्या सगळ्यांना आधीपासून माहीत असेल तर जोडनाव ठेवा. तो संबंध लेखक या निबंधात नव्याने सांगत असेल तर तो उलगडा, शक्यतो क्रियापदाने. तापमान ॲनीलिंगचं असतं हे जगजाहीर आहे. ते या संरचनेवर कसा परिणाम करतं, ही या निबंधाची गोष्ट आहे.

या वाक्यात एक सापळाही आहे, आणि तो शेवटच्या कृदंतात आहे. ‘पोलुचेन्नोय’ म्हणजे ‘मिळवलेल्या’. पण काय मिळवलेलं, संरचना की मिश्रधातू? रशियनमध्ये शंका राहत नाही. ‘-ओय’ हा शेवट स्त्रीलिंगी ‘स्त्रुक्तूरी’शी जुळतो. मिश्रधातू, म्हणजे पुल्लिंगी ‘स्प्लावा’, म्हणायचं असतं तर ‘पोलुचेन्नोवो’ आलं असतं. म्हणजे कोनीय दाबाने संरचना मिळाली. मिश्रधातू आधीच ओतून तयार होता. इंग्रजीत ‘द स्ट्रक्चर ऑफ अॅन ॲलॉय प्रोड्यूस्ड बाय...’ असं लिहिलं की हे सगळं पुसलं जातं, आणि वाचणारा जवळच्या नामाला, म्हणजे ‘ॲलॉय’ला, कृदंत जोडतो. मराठी इथे मदतीला येत नाही, कारण सामान्यरूपात आपलं ‘मिळवलेल्या’ तिन्ही लिंगांना सारखंच असतं. त्यामुळे मराठी कानाला ही शंका जाणवतच नाही. म्हणून लांब वाक्याच्या शेवटी आलेलं कृदंत दिसलं की त्याचा शेवट आधी बघायचा, मगच पुढे.

शेवटी वाक्य असं बसतं: ‘वी स्टडीड हाऊ ॲनीलिंग टेम्परेचर अफेक्ट्स द स्टॅबिलिटी ऑफ द अल्ट्राफाइन-ग्रेन्ड स्ट्रक्चर प्रोड्यूस्ड इन द रशियन Al–Mg–Sc ॲलॉय 1570 बाय इक्वल-चॅनल अँग्युलर प्रेसिंग.’ सलग ‘ऑफ’ एकही नाही. ‘प्रोड्यूस्ड इन... बाय’ या रचनेने कृदंताचा प्रश्नही मिटला.

‘रशियन Al–Mg–Sc ॲलॉय 1570’ हे मी मुद्दाम लिहिलं. मूळ वाक्यात नुसतं 1570 आहे. हा क्रमांक रशियन पद्धतीतला आहे. अमेरिकेतल्या ॲल्युमिनियम असोसिएशनच्या चार अंकी पद्धतीत 1 ने सुरू होणारे क्रमांक जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमचे असतात, आणि या मिश्रधातूत तर सुमारे 6 टक्के मॅग्नेशियम आणि थोडं स्कँडियम आहे. क्रमांकाआधी AA लावला किंवा तो उघडा सोडला, तर परदेशी वाचक भलताच धातू डोळ्यासमोर आणेल. अनुवादकाने भर घालू नये हे खरं, पण निबंधात आत दिलेली माहिती दोन शब्दांत वर आणणं ही भर नव्हे.

दुसरं वाक्य: ‘पोकाझानो, श्तो प्री नाग्रेवे दो 300 °C स्रेद्नी राझ्मेर झेर्ना प्राक्तीचेस्की ने इझ्मेन्यायेत्सा इ सोस्ताव्ल्यायेत पोर्यादका 600 नानोमीटर.’ म्हणजे 300 अंशांपर्यंत तापवलं तरी कणांचा सरासरी आकार जवळजवळ बदलत नाही, तो सुमारे 600 नॅनोमीटर असतो. हे सोपं आहे, त्यामुळे पटकन उरकते. ‘प्राक्तीचेस्की ने’ म्हणजे ‘जवळजवळ नाही’, म्हणून ‘ऑलमोस्ट अनचेंज्ड’. इंग्रजी ‘प्रॅक्टिकली’ला ‘व्यवहारात’ असाही वास येतो, तो इथे नको. ‘पोर्यादका 600’ म्हणजे सुमारे 600. ‘ऑन द ऑर्डर ऑफ’ लिहिलं तर भौतिकशास्त्रवाला दसपटीचा हिशेब करायला लागतो. मात्र ‘ना पोर्यादोक’ असं असेल तर ते खरोखरच दहापट असतं. एवढ्याशा शब्दरूपाचा फरक. ‘पोकाझानो, श्तो’, म्हणजे ‘असं दाखवलं आहे की’, ही निव्वळ सलामी आहे. गोषवाऱ्यात एकदा ‘वी फाउंड दॅट’ आलं की पुढच्या सलाम्या बिनदिक्कत गाळाव्यात.

आता शंकेकडे. रशियन गोषवाऱ्यात हातचं राखणारे वाटणारे शब्द दोन जातींचे असतात, आणि तुमच्या ‘ठेवू की गाळू’ या प्रश्नाचं उत्तर त्या जातीवर आहे. पहिली जात शिष्टाचाराची: ‘मोझ्नो स्देलात वीवोद’, म्हणजे ‘निष्कर्ष काढता येतो’, ‘स्लेदुयेत ओत्मेतीत’, म्हणजे ‘नोंद घ्यावी की’. यात शंका नाही, फक्त ‘मी’ न म्हणण्याची सवय आहे. दुसरी जात खऱ्या शंकेची: ‘पो-विदिमोमू’ आणि ‘वेरोयात्नो’, म्हणजे ‘बहुधा’, ‘मोझ्नो प्रेद्पोलोझीत’, म्हणजे ‘असं गृहीत धरता येईल’, ‘ने इस्क्ल्युचेनो’, म्हणजे ‘नाकारता येत नाही’. पहिली गाळली तरी विज्ञान बदलत नाही. दुसरी गाळली तर लेखकाने न केलेला दावा तुम्ही त्याच्या नावावर खपवता.

दुसऱ्या जातीचं वजन मोजायला आपल्याकडे फार सुरेख तराजू आहे: ‘आहे’, ‘असावं’, ‘असू शकतं’. रशियन वाक्य मनात मराठीत म्हणा आणि कोणतं क्रियापद तोंडी येतं ते बघा. ‘पो-विदिमोमू’ला ‘असावं’ येतं, म्हणून इंग्रजीत ‘प्रॉबेबली’ किंवा ‘लाइकली’. कोशात ‘अपॅरंटली’ दिसेल, पण त्या शब्दाला ‘म्हणे’ची छटा आहे, जणू लेखकाने कुठून तरी ऐकलं. ‘ने इस्क्ल्युचेनो’ला ‘असूही शकतं’ येतं, म्हणून ‘मे’ किंवा ‘कॅनॉट बी रूल्ड आउट’.

‘ओचेविद्नो’ने मात्र मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं. एका निबंधात मी तो सरसकट ‘ऑब्व्हिअसली’ केला, आणि परीक्षकाचा शेरा आला की ज्या गोष्टीची एकही चाचणी निबंधात नाही ती उघड कशी? लेखकाने तसं म्हटलंच नव्हतं. ‘ओचेविद्नो, श्तो’ असं पुढे ‘श्तो’ घेऊन आलं तर ते ‘उघड आहे की’. पण तोच शब्द वाक्याच्या मध्ये दोन स्वल्पविरामांत एकटा बसला असेल, तर शास्त्रीय गद्यात तो बहुतेक वेळा ‘असावं’च असतो, ‘पो-विदिमोमू’चा सख्खा भाऊ. तेव्हापासून मी स्वल्पविराम आधी बघते, शब्द नंतर.

तिसरं वाक्य त्याच घाटाचं: ‘वीसोकाया उस्तोयचिवोस्त स्त्रुक्तूरी ओबुस्लोव्लेना, पो-विदिमोमू, झाक्रेप्लेनियेम ग्रानित्स झ्योरेन दिस्पेर्स्नीमी चास्तित्सामी Al₃Sc.’ आधी साखळी. ‘झाक्रेप्लेनियेम’ आणि ‘चास्तित्सामी’ दोन्ही तृतीयेत आहेत, पण कामं वेगळी. पहिली तृतीया ‘ओबुस्लोव्लेना’ने मागितलेली आहे: कशामुळे? जखडण्यामुळे. दुसरी त्या जखडण्याचा कर्ता सांगते: कोणी जखडलं? कणांनी. मधली षष्ठी ‘ग्रानित्स’ हे कर्म: काय जखडलं? सीमा. आपल्याकडे ‘आईचं चित्र’ म्हटलं की आईने काढलेलं की आईला काढलेलं, हा गोंधळ होतो. रशियन षष्ठीतही तो होतो, पण शेजारी तृतीयेतला कर्ता उभा असला तर षष्ठी कर्माचीच. म्हणून ‘द पिनिंग ऑफ ग्रेन बाउंडरीज बाय Al₃Sc पार्टिकल्स’. इथे ‘ऑफ’ आणि ‘बाय’ दोन्ही राहू द्यावेत. ‘पार्टिकल ग्रेन-बाउंडरी पिनिंग’ असा गठ्ठा करण्यात काही कमाई नाही.

आता शंका. लेखकाला नक्की कशाची खात्री नाही? संरचना टिकली, हे मोजलेलं आहे. ती कणांमुळे टिकली, हा तर्क आहे. रशियनमध्ये ‘पो-विदिमोमू’ कारणाच्या अगदी तोंडाशी बसलाय, तो उगाच नाही. तुम्ही वाक्याची सुरुवात ‘प्रॉबेबली’ने केली तर सगळंच वाक्य डळमळतं, मोजलेली गोष्टसुद्धा. म्हणून: ‘धिस स्टॅबिलिटी इज प्रॉबेबली ड्यू टू द पिनिंग ऑफ ग्रेन बाउंडरीज बाय Al₃Sc पार्टिकल्स.’ शंकेचा शब्द एकच, आणि तो जिथे शंका आहे तिथेच. सावधपणाच्या हौसेने ‘मे प्रॉबेबली बी असोसिएटेड विथ’ करू नका. ‘ओबुस्लोव्लेना’ म्हणजे ‘मुळे’. ते ‘स्व्याझाना स’, म्हणजे ‘-शी संबंधित’, याहून ठाम आहे. क्रियापदही मऊ केलं आणि वर क्रियाविशेषणही मऊ घातलं, तर लेखकाची अर्धी खात्री पाव होते.

चौथं वाक्य हे या सगळ्यातलं खरं अवघड: ‘पोलुचेन्नीये रेझुल्ताती स्विदेतेल्स्त्वुयुत ओ वोझमोझ्नोस्ती इस्पोल्झोवानिया स्प्लावा द्ल्या स्वेर्ख्प्लास्तीचेस्कोय फोर्मोव्की प्री पोनीझेन्नीख तेम्पेरातूराख.’ म्हणजे हाती आलेले निकाल सांगतात की कमी तापमानाला खूप ताणून आकार देण्यासाठी, म्हणजे सुपरप्लास्टिक फॉर्मिंगसाठी, हा मिश्रधातू वापरण्याची शक्यता आहे. इथे शंका साखळीतच बसली आहे. ‘वोझमोझ्नोस्त’, शक्यता, हे नाम ‘वापर’ या नामावर बसलंय. घाईत साखळी आवळणारा ‘रिझल्ट्स शो द यूज ऑफ द ॲलॉय’ असं करतो आणि शक्यता गळून पडते. भाबडा अनुवादक ‘टेस्टिफाय टू द पॉसिबिलिटी ऑफ द यूज ऑफ’ असं करतो आणि पुन्हा तीच ‘ऑफ’ची रांग. बरोबर वाट अशी की झाकलेलं क्रियापद उघडताना ‘वोझमोझ्नोस्त’चं रूपांतर त्या क्रियापदाच्या साहाय्यकात करायचं: ‘कॅन बी यूज्ड’ किंवा ‘मे बी सूटेबल’. साखळीही सुटते आणि शंकाही जागेवर राहते. ‘नेओब्खोदिमोस्त’, म्हणजे गरज, याचं असंच ‘मस्ट’ किंवा ‘नीड्स टू’ होतं, आणि ‘त्सेलेसोओब्राझ्नोस्त’, म्हणजे इष्टता, याचं ‘शुड’.

पण ‘कॅन’ की ‘मे’? हे रशियन वाक्य सांगत नाही, कारण ‘वोझमोझ्नोस्त’मध्ये दोन्ही अर्थ राहतात: करून दाखवलं, म्हणून करता येतं, किंवा केलं नाही, पण करता येईलसं वाटतं. उत्तर गोषवाऱ्यात नाही, निबंधाच्या पोटात आहे. प्रयोगांचं प्रकरण उघडा. त्या तापमानाला नमुने ताणून लांबी मोजली असेल, तर ‘कॅन बी’. नुसती सूक्ष्मदर्शकाखालची संरचना आणि कठिणता पाहून अंदाज केला असेल, तर ‘सजेस्ट दॅट द ॲलॉय मे बी सूटेबल’. माझ्या नमुन्यात फक्त ॲनीलिंग आहे, ताणण्याची चाचणी नाही, म्हणून दुसरं. गोषवारा एकटा पाठवून ‘एवढंच करून द्या’ म्हणणाऱ्यांकडून मी पूर्ण निबंध मागून घेते तो या एका शब्दासाठी.

कधी उलटंही सापडतं: आत चर्चेत ‘पो-विदिमोमू’ आणि वर गोषवाऱ्यात ठणठणीत ‘उस्तानोव्लेनो’, म्हणजे ‘सिद्ध झालं’. जागा वाचवताना लेखकाचीच शंका गळालेली असते. ती परस्पर भरून देऊ नका आणि परस्पर सोडूही नका. गोषवाऱ्यात जे आहे तेच ठेवा, आणि समासात लेखकाला दोन ओळी लिहा: पान अमुकवर ‘असावं’ आहे, इथे ‘आहे’ आहे, कोणतं ठेवू? तसंच, गोषवारा नुसता ‘रास्स्मोत्रेनी वोप्रोसी’, म्हणजे ‘प्रश्नांचा विचार केला’, एवढ्यावर थांबत असेल तर निष्कर्ष तुम्ही रचू नका. रशियन परंपरेतली ‘अन्नोतात्सिया’ बरेचदा निबंध कशाबद्दल आहे एवढंच सांगते; इंग्रजी नियतकालिकाला निकाल हवा असेल तर तो लेखकाने लिहून द्यायचा.

तुमचा मजकूर झाला की एकदा परतीची फेरी करा. इंग्रजी वाक्यं समोर ठेवून रशियनकडे न बघता मराठीत म्हणा, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘आहे’, ‘असावं’, ‘असू शकतं’ यांतलं काय येतं ते कागदावर टिपा. मग रशियनसाठी तीच यादी करा. दोन याद्या जिथे जुळत नाहीत तिथे परत बसायचं. माझ्या नमुन्याची यादी आहे, आहे, असावं, असू शकेल. इंग्रजीतही तीच यायला हवी.

आणि शेवटच्या वाक्यातलं ‘पोनीझेन्नीख’ मी अजून सोडवलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ‘कमी केलेल्या’ तापमानांना, पण कशापेक्षा कमी? रशियन वाचकाला चालतं; त्या क्षेत्रात नेहमीचं तापमान कोणतं हे त्याला ठाऊक असतं. इंग्रजीत नुसतं ‘लोअर टेम्परेचर्स’ लिहिलं की ‘दॅन व्हॉट’ असा प्रश्न येतोच. निबंधात तुलनेचं तापमान दिलं असेल तर ते घाला. दिलं नसेल तर लेखकाला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत ‘रिलेटिव्हली लो’ लिहून पिवळी खूण करून ठेवा.